टीएसएच नॉर्मल, टी४ कमी, टी३ जास्त आणि मान न धरणारा मुलगा

प्रश्न: मॅडम, १४ महिन्यांचा मुलगा आहे. मान धरत नाही, बसत नाही, पण ओळखीचा चेहरा दिसला की छान हसतो. जन्माला आला तेव्हा लगेच रडला, नात्यातलं लग्न नाही. टीएसएच ३.९ आणि फ्री टी४ ०.६८ नॅनोग्रॅम आलं, लॅबची खालची मर्यादा ०.९ आहे. सेंट्रल हायपोथायरॉइडिझम धरून थायरॉक्सीन २५ मायक्रोग्रॅम चालू केलं. सहा आठवड्यांनी फ्री टी४ १.०५ झालं, टीएसएच १.१, पण वजन ७.३ किलोवरून ७.० वर आलं आणि झोपेतही नाडी १३८ लागते. म्हणून पहिल्यांदाच फ्री टी३ केलं, ते ९.३ पिकोग्रॅम. उपचाराआधीचा सीरम शिल्लक होता, त्यातलं टी३ ७.४ निघालं. एमआरआयमध्ये मायलिन वयाच्या मानाने मागे आहे. डोस वाढवू की कमी करू? आईचा एक भाऊ जन्मापासून अंथरुणावर होता, विसाव्या वर्षी गेला. मावशी पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला काही सांगायचं का?

उत्तर:

थायरॉक्सीन आजच थांबवा. कमी करत न्यायची गरज नाही. त्याला थायरॉइडची कमतरता नाही, म्हणून बंद केल्याने काही ओढवणार नाही, आणि चालू ठेवलं तर वजन आणखी उतरेल. या मुलाला एमसीटी८ या वाहक प्रथिनाचा दोष आहे, म्हणजे ॲलन-हर्नडन-डडली सिंड्रोम, असं माझं मत आहे. जनुक तपासणी अजून व्हायची आहे, तरी हे मत मी कशावरून देते ते सविस्तर सांगते, कारण पुढचा मुलगा तुमच्याकडे येईल तेव्हा सोबत मामाची हकीकत असेलच असं नाही.

आधी आकडे. फ्री टी३ पिकोग्रॅममध्ये येतं आणि फ्री टी४ नॅनोग्रॅममध्ये, म्हणून दोन्ही कागदावर शेजारी असूनही त्यांची तुलना डोळ्यांना होत नाही. टी३ ला १.५३६ ने आणि टी४ ला १२.८७ ने गुणलं की दोन्ही पिकोमोलमध्ये येतात. तुमच्या पहिल्या नमुन्यात टी३ ११.४ आणि टी४ ८.८, म्हणजे भागाकार १.३. आता याच वयाचं निरोगी मूल घ्या, समजा टी३ ४.२ आणि टी४ १.२५. तिथे हाच भागाकार ०.४ येतो. तुमच्या मुलाचं गुणोत्तर तिप्पट आहे. टी४ कमी आहे हे तुम्ही पाहिलंत आणि टीएसएच नॉर्मल आहे म्हणून दोष पिट्युटरीवर टाकलात. तर्क चुकीचा नव्हता, पण तो अर्ध्या रिपोर्टवर उभा होता. खऱ्या सेंट्रल हायपोथायरॉइडिझममध्ये टी३ एकतर कमी असतं किंवा जेमतेम नॉर्मलच्या खालच्या टोकाला. कमी टी४ सोबत ठणठणीत वाढलेलं टी३ तिथे बसत नाही.

गुणोत्तर बघा असं मी सांगते त्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टवर टी३ ची मर्यादा प्रौढांची छापलेली असते आणि लहान मुलांचं टी३ मुळातच प्रौढांपेक्षा जास्त असतं. त्यामुळे निरोगी मुलाच्या टी३ पुढेही जाड अक्षरात ‘जास्त’ असं छापून येतं, आणि असे दहा रिपोर्ट पाहिले की अकराव्याकडे कुणी लक्ष देत नाही. गुणोत्तरात हा गोंधळ बराच कमी होतो.

आता रक्तात एवढं टी३ असताना मूल मान का धरत नाही, हा या आजाराचा गाभा आहे. थायरॉइडची संप्रेरकं मेदात विरघळतात म्हणून पेशीच्या भिंतीतून आपोआप आत झिरपतात, असं आपण वर्षानुवर्षं शिकलो. ते तसं नाही. त्यांना आत-बाहेर नेणारे वाहक लागतात. त्यातला एक एमसीटी८, आणि त्याचं जनुक एसएलसी१६ए२ एक्स गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. तो थायरॉइड संप्रेरकांचाच वाहक आहे हे रॉटरडॅमच्या गटाने २००३ साली दाखवलं, आणि २००४ मध्ये रॉटरडॅम आणि शिकागो अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे अशा मुलांमध्ये त्याचे दोष शोधले. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. ॲलन, हर्नडन आणि डडली यांनी १९४४ साली उत्तर कॅरोलिनातल्या एका कुटुंबाचं वर्णन केलं होतं. त्या घरात सहा पिढ्यांत चोवीस पुरुष असे होते, आणि घरचे लोक त्याला लुळ्या मानेचा आजार म्हणत. साठ वर्षं हे वर्णन मतिमंदत्वाच्या यादीत पडून राहिलं. कुणी थायरॉइड पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी टीएसएचवरच थांबलं असतं.

एमसीटी८ नसल्याने प्रत्येक अवयवाचं वेगळं होतं. मेंदूपासून सुरू करा. रक्त-मेंदू अडथळ्याच्या पेशींमध्ये माणसात टी३ आणि टी४ दोन्हींचा मुख्य दरवाजा एमसीटी८ हाच आहे. तो बंद, म्हणून रक्तात कितीही संप्रेरक असलं तरी मेंदू उपाशी. उंदरात मात्र याच अडथळ्यावर ओएटीपी१सी१ नावाचा दुसरा वाहक भरपूर असतो आणि तो टी४ आत सोडतो. म्हणूनच एमसीटी८ काढलेल्या उंदराचं रक्त तुमच्या मुलासारखंच येतं, पण उंदीर जवळजवळ नीट चालतो-फिरतो. यावर संशोधक काही काळ गोंधळले होते. दोन्ही वाहक काढलेला उंदीर तयार केला तेव्हा कुठे मेंदूचा आजार दिसला. माणसाच्या अडथळ्यावर तो दुसरा वाहक फार थोडा असतो, म्हणून आपल्या मुलांना तो आधार नाही.

यकृताचं उलट. तिथे इतर वाहक पुरेसे आहेत, संप्रेरक बिनधास्त आत जातं. वाढलेल्या टी३ मुळे यकृत आणि मूत्रपिंडातलं पहिल्या प्रकारचं डीआयोडिनेज जोमाने वाढतं. हे एन्झाइम दोन कामं करतं: टी४ चं टी३ बनवतं आणि रिव्हर्स टी३ चा फडशा पाडतं. म्हणजे टी३ वाढतं, त्यामुळे हे एन्झाइम वाढतं, ते आणखी टी४ खातं आणि आणखी टी३ बनवतं. भरीला थायरॉइड ग्रंथीतून संप्रेरक रक्तात सोडण्याचं कामही काही अंशी एमसीटी८ करतं. तो नसला की टी४ ग्रंथीत अडकतं, आणि काही तिथेच टी३ होऊन बाहेर पडतं. रक्तातलं चित्र असं तयार होतं: टी४ कमी किंवा खालच्या टोकाला, टी३ जास्त, रिव्हर्स टी३ कमी.

राहिला टीएसएच. एवढं टी३ असताना तो दबायला हवा होता. पण हायपोथॅलॅमसच्या पेशींनाही संप्रेरक नीट पोचत नाही, त्यांच्या लेखी शरीरात कमतरताच आहे. पिट्युटरीला थोडं जाणवतं, पण पुरेसं नाही. या ओढाताणीत टीएसएच मधेच कुठेतरी, नॉर्मल किंवा किंचित जास्त असा थांबतो. टाचेच्या रक्तावरची नवजात तपासणी टीएसएचवर चालते, म्हणून ही मुलं तिथून ‘पास’ होऊन बाहेर पडतात. शिवाय टी३ ची वाढ जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत ठळक नसते, ती पुढच्या महिन्यांत चढत जाते. नवजात बाळाच्या नॉर्मल टी३ वरून हा आजार नाही असं म्हणू नका.

आता तुमचं थायरॉक्सीन काय करत होतं ते दिसेल. गोळीतलं टी४ मेंदूत शिरलंच नाही. ते गेलं यकृतात, तिथे वाढलेल्या डीआयोडिनेजने त्याचं टी३ केलं, आणि टी३ ७.४ वरून ९.३ वर गेलं. टी४ चा आकडा १.०५ झाला म्हणून कागदावर उपचार यशस्वी, आणि मुलाचं हृदय, स्नायू, चरबी हे सगळे हायपरथायरॉइड. १४ महिन्यांच्या मुलाची झोपेतली नाडी साधारण ८० ते १२० मध्ये असायला हवी. तुम्ही झोपेतली मोजलीत हे फार चांगलं केलंत. जागेपणी ही मुलं आवळतात, रडतात, आणि वाढलेली नाडी त्यावर ढकलली जाते.

माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी जवळजवळ दोन वर्षं थायरॉक्सीन देत राहिले. त्याला फिट येतात म्हणून कुठूनतरी कार्बामाझेपिन चालू झालं होतं, आणि कार्बामाझेपिनने टी४ उतरतं हे मला माहीत होतं, म्हणून मी कमी टी४ चा दोष त्या औषधाला दिला आणि डोस वाढवला. त्या फिट नव्हत्याच. आई सांगायची की लंगोट बदलताना, अंगावरून कपडा काढताना मूल एकदम ताणतं, तोंड उघडतं, लालबुंद होतं, मिनिटाभराने सुटतं. हलवल्यावर येणारे हे डिस्कायनेसियाचे झटके एमसीटी८ च्या मुलांमध्ये वर्णन केलेले आहेत, आणि तेव्हा ईईजी कोरा असतो. तुमच्या मुलाच्या आईला हा प्रश्न मुद्दाम विचारा. ‘झटके येतात का’ असं विचारू नका, ‘लंगोट बदलताना काय होतं’ असं विचारा. खऱ्या अपस्माराचे झटकेही या मुलांना येऊ शकतात, म्हणून झटक्याच्या वेळचा ईईजी मिळाला तर दोन्ही वेगळे करता येतात.

तपासताना धड ढिलं आणि हातपाय काळाबरोबर कडक होत जाणारे, असं विचित्र मिश्रण मिळेल. स्नायू बारीक, चेहरा लांबट, तोंड अर्धवट उघडं. पण नजर जिवंत. आईला ओळखतो, हसतो, आवाजाकडे वळतो. सेरेब्रल पाल्सी म्हणून फिजिओथेरपीला पाठवलेल्या आणि जन्माच्या वेळी काहीही बिघडलेलं नसलेल्या मुलग्यांमध्येच हा आजार दडलेला असतो. एमआरआयवरून पेलिझेअस-मर्झबाकर वाटू शकतो, तोही मुलग्यांचाच आजार. फरक असा की तिथे सुरुवातीपासून डोळे नाचतात आणि मायलिन पुढे फारसं भरून येत नाही. इथे ते उशिरा का होईना, पुढच्या काही वर्षांत बरंचसं येतं. मूल मात्र त्याबरोबर सुधारत नाही, म्हणून पुढच्या एमआरआयमध्ये बरं दिसलं तरी आईवडिलांना आशा लावताना जपून.

आकड्यांनी फसवणारा खरा जोडीदार एकच आहे: टीएचआरए जनुकाचा दोष, म्हणजे अल्फा रिसेप्टरचा प्रतिकार. तिथेही टी४ खालच्या टोकाला, टी३ वरच्या टोकाला, रिव्हर्स टी३ कमी, टीएसएच नॉर्मल. कागदावर दोघांत फरक करणं अवघड. खाटेजवळ मात्र सोपं आहे. हृदयात अल्फा रिसेप्टर मुख्य, म्हणून त्या मुलाची नाडी संथ असते. तो बद्धकोष्ठाचा, ठेंगणा, डोकं मोठं, दात उशिरा, रक्त कमी. तुमचा मुलगा काडीसारखा आणि धडधडणारा. डीआयोडिनेजसारखी सेलेनियमयुक्त प्रथिनं बनवायला लागणाऱ्या एसबीपी२ च्या दोषात गणित बरोबर उलटं असतं, टी४ जास्त आणि टी३ कमी, म्हणून तो आपोआप बाहेर पडतो. आयोडीनची कमतरता किंवा ग्रंथीतच संप्रेरक बनण्याचा दोष असला तर टी३ चं प्रमाण टी४ च्या मानाने वाढतं खरं, पण टीएसएच वर गेलेला असतो.

दोन गोष्टी रक्त घेण्याआधी बघा. विकास मागे असलेल्या मुलांना घरोघर ‘मेंदूच्या टॉनिक’मधून बायोटिन पाजलं जातं. काही यंत्रांवर त्याने टी३ आणि टी४ दोन्ही खोटे जास्त दिसतात आणि टीएसएच खोटा कमी. तुमच्याकडे टी४ कमी आहे, त्यामुळे इथे ते कारण वाटत नाही, तरी पुढच्या नमुन्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा. दुसरं म्हणजे न्यूमोनियासारखं मोठं आजारपण. त्यात कुणाचंही टी३ पडतं आणि रिव्हर्स टी३ चढतं, म्हणजे एमसीटी८ चं चित्र नेमकं पुसलं जातं. ही मुलं वारंवार न्यूमोनियाने भरती होतात आणि रक्त नेमकं तेव्हाच काढलं जातं. बरा झाल्यावर चार-सहा आठवडे जाऊ द्या. तुम्ही थायरॉक्सीन आज थांबवत आहात, तेव्हा दोन्ही कारणांसाठी पुढचा नमुना तेवढ्याच अंतराने घ्या: टीएसएच, फ्री टी४, फ्री टी३, एकूण टी३ आणि रिव्हर्स टी३. रिव्हर्स टी३ मोठ्या लॅबकडे पाठवावं लागेल, आठवडा धरा. पण उपचाराआधीचा थोडा सीरम अजून शिल्लक असेल तर त्यातलंच करून घ्या, त्याला तोड नाही.

जनुक तपासणी मात्र पुढच्या नमुन्यासाठी थांबवू नका. नातं कळण्यासाठी ‘नात्यातलं लग्न आहे का’ हा प्रश्न आपण सवयीने विचारतो, आणि ‘नाही’ म्हटलं की आनुवंशिक आजाराची फाइल मनातल्या मनात बंद करतो. एक्सवरच्या आजाराला नात्यातलं लग्न लागत नाही. त्याला फक्त आई लागते. मुलगा आजारी असला की प्रश्न आईच्या माहेरचा: मामा, आईचे मामा, मावसभाऊ. एसएलसी१६ए२ मध्ये सहाच एक्सॉन आहेत, एकट्या जनुकाची तपासणी लवकर होते. एक्सोम पाठवत असाल तर फॉर्मवर हार्मोनचे आकडे लिहा. एका अमिनो आम्लाचा बदल निघाला तर लॅब त्याला ‘अनिश्चित महत्त्वाचा’ म्हणून सोडून देईल, पण १.३ चं गुणोत्तर आणि कमी रिव्हर्स टी३ सोबत असतील तर तो बदल अनिश्चित राहत नाही. आख्खा एक्सॉन गळालेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये मुलाचा तो तुकडा उमटतच नाही; लॅबने याला ‘नमुना अपुरा’ म्हटलं तर फोन करून नीट विचारा.

उपचाराबद्दल आईवडिलांना दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या एकत्र झाल्या की गैरसमज होतो. शरीरातला टी३ चा अतिरेक आपण उतरवू शकतो. मेंदूचं जे झालं ते आज कुणी मागे नेऊ शकत नाही, कारण त्याची सुरुवात गर्भातच झालेली आहे.

अतिरेक उतरवणं दुय्यम नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या आजारात जगण्याचं मध्यम वय ३५ वर्षं निघालं. दीड वर्षापर्यंत मान न धरलेली मुलं आणि एक ते तीन वयात वजन फार कमी असलेली मुलं लवकर गेली. मृत्यूची मोठी कारणं फुप्फुसाचा संसर्ग आणि अचानक मृत्यू. अचानक मृत्यूमागे हृदयाची लय असावी असा संशय आहे, कारण चोवीस तासांच्या ईसीजीत आलिंदातून अवेळी उठणारे ठोके बहुतेकांत सापडले. तुमचा मुलगा १४ महिन्यांचा, मान नाही, वजन ७ किलो. त्याचा होल्टर आणि रक्तदाब या आठवड्यातच करा. गिळताना ठसकतो का ते बघा, आणि आहारतज्ज्ञांना वयाचे नव्हे तर त्याच्या जळणाऱ्या शरीराचे उष्मांक मोजायला सांगा. नळीने भरवण्याची वेळ आली तर ती आईची हार नाही, हे तुम्हीच आधी बोला.

औषध आहे ते ट्रायॅक, म्हणजे टिराट्रिकॉल. टी३ शी साम्य असलेला रेणू, पण पेशीत शिरायला त्याला एमसीटी८ लागत नाही. तो हायपोथॅलॅमस-पिट्युटरीला समजतो, टीएसएच दबतो, ग्रंथी थंड पडते, टी४ कमी होतं आणि टी३ बनायला कच्चा मालच उरत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४६ रुग्णांना तो वर्षभर दिला. सुरुवात दिवसाला ३५० मायक्रोग्रॅमने करून, मग त्याच मापाच्या पायऱ्या चढत, एकूण टी३ १.४ ते २.५ नॅनोमोलमध्ये आणायचं असं ठरवलं होतं. आपल्या एककात ते साधारण ९१ ते १६३ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. सरासरी टी३ ४.९७ नॅनोमोलवरून १.८२ वर आलं, वजन आणि नाडी सुधारली. ७ किलोच्या मुलात सुरुवात याहून कमी मात्रेने होते. युरोपीय संघात या आजारासाठी हे औषध फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे मात्र वैयक्तिक वापरासाठी आयातीचा परवाना केंद्रीय औषध नियंत्रकांकडून काढावा लागतो, त्याचे कागद निदान पक्कं झाल्याच्या दिवशीच सुरू करा.

ट्रायॅक चालू झाल्यावर एक सापळा आहे. बऱ्याच यंत्रांवरची टी३ ची चाचणी ट्रायॅकलाच टी३ समजते. मूल सुधारतंय, नाडी उतरतेय, आणि रिपोर्टवर टी३ चढलेलं. मग कुणीतरी घाबरून औषध थांबवतं. टी३ मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच मोजून घ्या, आणि तोवर नाडी व वजनावर विश्वास ठेवा. टी४ जवळजवळ शून्यावर जाईल, ते अपेक्षित आहे. त्याला घाबरून पुन्हा थायरॉक्सीन लिहू नका.

ट्रायॅक मिळेपर्यंत काय? प्रोपिलथायोयुरॅसिल आणि थायरॉक्सीन एकत्र देण्याची पद्धत आहे. प्रोपिलथायोयुरॅसिल पहिल्या प्रकारचं डीआयोडिनेज अडवतं, म्हणून टी३ खरंच उतरतं. कार्बिमाझोलला ते जमत नाही. पण मुलांमध्ये प्रोपिलथायोयुरॅसिलने यकृत निकामी झाल्याच्या घटना आहेत, आणि हे औषध वर्षानुवर्षं द्यावं लागेल. मी स्वतः ते टाळते. नुसतं थायरॉक्सीन थांबवल्यावर या मुलाचं टी३ पुन्हा ७ च्या आसपास येईल. नाडी तरीही चढीच राहिली, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रोप्रानोलॉल हा तात्पुरता आधार होऊ शकतो, मात्र दमा नाही ना आणि खाण्यात मोठा खंड पडत नाही ना ते पाहून.

आता मावशी. तुमच्या प्रश्नातली हीच गोष्ट सगळ्यात घाईची आहे. मामाला हाच आजार होता असं धरलं आणि मुलात दोष आईकडून आला असेल, तर आजी वाहक आहे. मग मावशी वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल तर तिच्या पोटातला मुलगा आजारी असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. बाळाचं लिंग न कळता मोजलं तर आठात एक. वाहक स्त्रियांना स्वतःला सहसा काही होत नाही, म्हणून ती निरोगी आहे यावरून काही ठरत नाही. तिचं टीएसएच नॉर्मल आहे यावरूनही नाही.

क्रम असा ठेवा. मुलाचं रक्त जनुकासाठी आज पाठवा आणि लॅबला सांगा की घरात गर्भवती आहे. बहुतेक लॅब असा नमुना पुढे घेतात. बदल सापडला की आईचा आणि मावशीचा तेवढाच तुकडा तपासायचा, त्याला थोडे दिवस लागतात. मावशी वाहक निघाली तरच गर्भजलाचा प्रश्न येतो. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात एक्सशी जोडलेल्या आजारासाठी गर्भजल तपासणीला मुभा आहे, पण ती नोंदणीकृत जनुकीय केंद्रातच, फॉर्म भरून आणि लिंग न सांगता. आनुवंशिकतातज्ज्ञांना आजच फोन करा. तुमच्या भागात ते नसतील तर दूरदृश्य सल्ला घ्या, पण मावशीला घरच्यांच्या तोंडून अर्धवट कळू देऊ नका. तिला काय जाणून घ्यायचं आहे ते तिलाच विचारा, सासरच्यांना नाही.

तिच्या पोटातलं बाळ आजारी निघालं आणि तिने गर्भ ठेवायचं ठरवलं, तर एक धागा आहे, फार बारीक. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयत्नात अशा गर्भाला अठराव्या आठवड्यापासून गर्भजलात थायरॉक्सीन टोचलं गेलं. तो मुलगा आधी जन्मलेल्या त्याच आजाराच्या भावापेक्षा विकासात पुढे राहिला, पूर्ण निरोगी नव्हे. एका मुलावरून उपचार ठरत नाही. तिथे सुरुवात अठराव्या आठवड्याला झाली होती, आणि मावशी विसाव्याच्या आसपास आहे. म्हणून मुलाची नळी आजच्या कुरिअरने गेली पाहिजे.